साठ अंशांची चीर

प्रयोगशाळेच्या मेजावर गाळमिश्रित वाळूचा एक लहानसा स्तंभ उभा आहे. त्याचा व्यास ३८ मिलिमीटर आणि उंची ७६ मिलिमीटर. भोवती रबराची पातळ पिशवी चढवलेली, आणि आतली हवा किंचित ओढून घेतलेली असल्यामुळे, ज्या पाण्याच्या दाबाने त्याला इतका वेळ चहूबाजूंनी आवळून धरले होते ते पाणी आणि ते पारदर्शक नळकांडे काढून घेतल्यावरही तो ढासळलेला नाही. त्याच्या अंगावर एक तिरपी चीर उमटली आहे, आणि चिरेच्या वरचा भाग खालच्या भागावरून थोडा घसरलेला स्पष्ट दिसतो. कोनमापक लावून पाहिले तर ही चीर आडव्या पातळीशी ६० अंशांच्या आसपास कोन करते असे आढळते. हे मापन नळकांडे काढल्यावरच करावे लागते, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कारण पाण्याने भरलेल्या गोल नळकांड्यातून पाहताना स्तंभाची रुंदी जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढलेली दिसते, उंची मात्र आहे तेवढीच राहते, आणि खरी ६० अंशांची चीर ५२ अंशांची भासते. पुष्कळ वह्यांतून असले चुकीचे कोन बिनदिक्कत नोंदलेले मी पाहिले आहेत.

ज्याने पदार्थांच्या बलशास्त्राचे पहिले धडे गिरवले आहेत, अशा विद्यार्थ्याला ही चीर बुचकळ्यात टाकते. वरून दाबलेल्या स्तंभात कर्तन, म्हणजे एका थराला दुसऱ्या थरावरून सरकवू पाहणारे बल, ४५ अंशांच्या तलावर सर्वाधिक असते असे त्याला शिकवलेले असते, आणि ते खरेही आहे. मग जिथे सरकवणारे बल सर्वांत मोठे, तिथे माती का सरकली नाही? पंधरा अंश पलीकडे जाऊन, जिथे ते बल कमी आहे अशा तलावर ती का फुटली? या प्रश्नाचे उत्तर कंपास, पट्टी आणि आलेखाचा एक कागद एवढ्या सामग्रीवर मिळते, आणि ते ज्या आकृतीतून मिळते तिला ऑटो मोर या जर्मन अभियंत्याचे नाव आहे. मोर यांचा जन्म १८३५ सालचा. आयुष्याच्या पूर्वार्धात ते रेल्वेवर पूल बांधणारे अभियंते होते आणि पुढे श्टुटगार्ट व ड्रेस्डेन येथे प्राध्यापक झाले. प्रतिबलांना वर्तुळाचे रूप देण्याची कल्पना त्यांच्या आधी कार्ल कुलमान यांनी १८६६ साली मांडली होती. परंतु तिचा सर्वांगीण विस्तार मोर यांनी १८८२ साली केला, आणि पुढे पदार्थ केव्हा व कोणत्या तलावर भंगतो या विचाराशी तिची सांगड घातली, म्हणून ते वर्तुळ त्यांच्याच नावाने रूढ झाले.

प्रथम हातातल्या स्तंभाचा हिशेब करू. पाण्याचा दाब १०० किलोपास्कल ठेवला होता. जुन्या परिभाषेत सांगायचे तर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. हा दाब सर्व अंगांनी सारखा. नंतर वरून दांड्याने भार वाढवत नेला, आणि आतले पाणी बाहेर पडायला पुरता अवकाश मिळावा म्हणून अतिशय सावकाश वाढवला. स्तंभ भंगला त्या क्षणी दांड्यावरचा भार सुमारे २४७ न्यूटन होता. तो क्षेत्रफळाने भागायचा. पण कोणत्या क्षेत्रफळाने? मूळचे क्षेत्रफळ ११.३४ चौरस सेंटिमीटर होते. तथापि भंगाच्या वेळेपर्यंत स्तंभ ८ टक्के बुटका झाला होता, आणि बुटका होताना तो फुगलाही होता. घनफळ जवळजवळ तेवढेच राहिले असे धरले तर क्षेत्रफळ १२.३३ चौरस सेंटिमीटर झाले, आणि भागाकार २०० किलोपास्कल आला. ज्याने मूळच्याच क्षेत्रफळाने भागले त्याच्या पदरी २१७ येतात, म्हणजे माती आहे त्याहून बळकट ठरते, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची आहे. दुसरी चूक याहून साधी व याहून वारंवार होणारी: हे २०० म्हणजे वरचा एकूण दाब नव्हे. पाणी स्तंभाच्या माथ्यावरही दाबत होतेच, म्हणून वरचा दाब १०० अधिक २००, म्हणजे ३०० किलोपास्कल.

तेव्हा आपल्यापाशी दोन आकडे आले. आडव्या तलावर ३०० चा दाब सरळ लंबरूपाने पडतो आणि त्या तलावर सरकवणारे बल मुळीच नाही. उभ्या तलावर १०० चा दाब पडतो आणि तेथेही सरकवणारे बल नाही. ज्या तलांवर कर्तन शून्य असते त्यांना प्रधान तल म्हणतात, आणि त्यांवरील दाबांना प्रधान प्रतिबले. मोठे ते ज्येष्ठ, लहान ते कनिष्ठ. प्रधान तल एकमेकांशी काटकोनात असतात. परंतु या दोहोंच्या मध्ये कितीतरी तिरपे तल स्तंभातून जातात, आणि त्या प्रत्येक तलावर थोडा लंब दाब व थोडे कर्तन अशी जोडी असते. स्तंभाचा एखादा पाचरीसारखा तुकडा मनाने कापून त्याच्यावरच्या बलांचा समतोल लिहिला की ही जोडी निघते. आडव्या पातळीशी ३० अंश करणाऱ्या तलावर लंब दाब २५० आणि कर्तन ८६.६ येते, ४५ अंशांच्या तलावर २०० आणि १००, ६० अंशांच्या तलावर १५० आणि पुन्हा ८६.६.

आता आलेखाचा कागद घ्यावा. आडव्या अक्षावर लंब प्रतिबल मोजावे, उभ्या अक्षावर कर्तन, आणि दोन्ही अक्षांची मोजपट्टी एकच ठेवावी. ती निराळी ठेवली तर वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ काढावे लागते आणि कंपास व कोनमापक दोन्ही निरुपयोगी होतात. या कागदावर वरच्या जोड्या बिंदूंच्या रूपाने मांडल्या, तर ते सारे बिंदू एकाच वर्तुळावर पडलेले दिसतात. ते वर्तुळ काढायला खरे म्हणजे इतक्या जोड्यांची गरजच नसते. आडव्या अक्षावर १०० आणि ३०० हे दोन बिंदू घ्यावेत, त्यांचा मध्य २०० हे केंद्र, आणि १०० ही त्रिज्या. कंपास फिरवला की स्तंभातल्या यच्चयावत तलांची जंत्री एका रेघेत तयार होते. प्रत्येक तलाला वर्तुळावर एक बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला स्तंभात एक तल.

मात्र कोणता बिंदू कोणत्या तलाचा हे ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्तंभात दोन तलांमध्ये जेवढा कोन असतो, त्याच्या दुप्पट कोन त्यांच्या बिंदूंमध्ये वर्तुळाच्या केंद्राशी पडतो. आडवा व उभा तल यांच्यात ९० अंश. त्यांचे बिंदू, ३०० आणि १००, वर्तुळाच्या व्यासाच्या दोन टोकांना, म्हणजे १८० अंशांवर. हे दुप्पट करणे आणि निम्मे करणे यात विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो, आणि कोनाच्या बहुतेक चुका येथेच जन्म घेतात. त्यावर जुन्या आरेखकांनी एक सुरेख उपाय काढला आहे, आणि वर्तुळ काढणाऱ्या प्रत्येकाने तो हस्तगत करावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या तलावरची प्रतिबले आपल्याला ठाऊक आहेत त्याचा बिंदू वर्तुळावर घ्यावा, आणि त्या बिंदूतून त्या तलाला प्रत्यक्ष समांतर अशी रेषा काढावी. ती वर्तुळाला जिथे पुन्हा छेदते तो बिंदू ध्रुव होय. एकदा ध्रुव सापडला की दुपटी-निमपटी संपल्या. ध्रुवापासून कोणत्याही बिंदूपर्यंत रेषा ओढावी; तो बिंदू ज्या तलाचा आहे तो तल मातीत हुबेहूब त्याच रेषेच्या दिशेने असतो. युक्लिडच्या भूमितीत वर्तुळाच्या परिघावरचा कोन केंद्रावरच्या कोनाच्या निम्मा असतो हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. ध्रुवाची किमया म्हणजे त्याच सिद्धांताचा उपयोग, निराळे काही नाही.

आपल्या स्तंभात आडव्या तलाचा बिंदू ३०० हा आहे. त्यातून आडवी रेषा काढली तर ती अक्षावरूनच जाते आणि वर्तुळाला १०० या बिंदूत पुन्हा मिळते, तोच ध्रुव.

येथवर वर्तुळाने प्रतिबले सांगितली. माती किती सहन करील हे ते सांगत नाही. ती बाजू शार्ल ओगुस्तँ कूलोम यांनी मोर यांच्या शंभर वर्षे आधी मांडून ठेवली होती. कूलोम हे फ्रेंच सैन्यातले अभियंते. वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर सुमारे आठ वर्षे राहून त्यांनी किल्ल्याचे बांधकाम केले, आणि मातीच्या भरावाला आवरणाऱ्या भिंतींचा जो अनुभव तेथे पदरात पडला त्यातून एक निबंध सिद्ध करून १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला. मातीचा सरकण्याला होणारा विरोध दोन प्रकारचा असतो, असे त्यांनी मांडले. एक, कण एकमेकांना चिकटून असल्यामुळे होणारा, जो दाबावर अवलंबून नसतो आणि ज्याला आपण संसंजन म्हणू. दुसरा, घर्षणामुळे होणारा, जो त्या तलावरच्या लंब दाबाच्या प्रमाणात वाढतो. हा नियम आपल्या आलेखाच्या कागदावर मांडला तर एक तिरपी सरळ रेषा मिळते. उभ्या अक्षावर ती जिथे छेदते ते संसंजन, आणि आडव्याशी तिचा जो कोन तो मातीचा अंतर्गत घर्षणकोन. या भंगरेषेच्या खाली असलेला प्रत्येक बिंदू सुरक्षित. रेषेवर जो बिंदू टेकला तो तल फुटला. आणि रेषेच्या वर जाण्याची मुभा कोणत्याही बिंदूला नाही.

आमच्या गाळमिश्रित वाळूत संसंजन नाही असे धरू, म्हणजे भंगरेषा मूळबिंदूतून निघते. माती भंगली आहे, तेव्हा ही रेषा वर्तुळाला स्पर्श करीत असलीच पाहिजे, कारण ती वर्तुळाला छेदून गेली तर काही तल आपल्या शक्तीबाहेरचे बल सोसत आहेत असा अर्थ होईल. मूळबिंदूतून वर्तुळाला स्पर्शरेषा काढली; केंद्र २०० वर, त्रिज्या १००, म्हणून रेषेच्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, अर्धा, आणि कोन ३० अंश. हाच घर्षणकोन. स्पर्शबिंदू कुठे पडला हे पाहावे: लंब दाब १५०, कर्तन ८६.६. आणि ध्रुवापासून, म्हणजे १०० या बिंदूपासून, त्या स्पर्शबिंदूपर्यंत रेषा ओढून कोनमापक लावला की आडव्याशी बरोबर ६० अंश. मेजावरच्या स्तंभाची चीर कागदावर उमटली.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे, आणि या साऱ्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ४५ अंशांच्या तलावर सरकवणारे बल १०० होते, म्हणजे चिरेच्या तलाहून अधिकच. परंतु त्या तलाला आवळून धरणारा दाबही २०० होता, आणि ३० अंशांच्या घर्षणाने तो तल ११५ पर्यंतचे कर्तन सोसू शकत होता. ६० अंशांच्या तलावर बल ८६.६ एवढेच, पण आवळणारा दाब १५० च, आणि सोसण्याची शक्ती नेमकी ८६.६. आणि उलट बाजूचा, ३० अंशांचा तल पाहावा: तेथेही कर्तन तेच ८६.६, पण दाब २५० असल्यामुळे तो १४४ पर्यंत सोसू शकत होता, म्हणून तो निर्धास्त राहिला. माती सर्वाधिक बलापुढे हार खात नाही. बल आणि शक्ती यांचे गुणोत्तर जिथे प्रथम एक होते तिथे ती हार खाते. वर्तुळाचा सर्वांत उंच बिंदू आणि रेषेचा स्पर्शबिंदू हे निराळे असण्याचे कारण केवळ इतकेच की भंगरेषा तिरपी आहे. ती जेवढी तिरपी तेवढा स्पर्शबिंदू डावीकडे कलतो, आणि भंगतल ४५ अंशांपासून घर्षणकोनाच्या निम्म्याने वर चढतो. संसंजन असले तरी हा कोन बदलत नाही, कारण संसंजनाने रेषा नुसती वर उचलली जाते, तिचा कल तोच राहतो. मात्र संसंजन असेल तर एका स्तंभावर रेषा ठरत नाही. निरनिराळ्या दाबांखाली निदान तीन स्तंभ भंगवून तीन वर्तुळे काढावी लागतात आणि त्या तिन्हींना सामाईक स्पर्शरेषा द्यावी लागते.

जाता जाता स्तंभाच्या मापाबद्दल एक गोष्ट सांगतो. उंची व्यासाच्या दुप्पट ठेवण्यामागे याच कोनाचा विचार आहे. ३८ मिलिमीटर व्यासाच्या स्तंभातून ६० अंशांचा तल आरपार जायला सुमारे ६६ मिलिमीटर उंची लागते, आणि ती ७६ मध्ये मावते. घर्षणकोन ४० अंशांचा असता तर तल ६५ अंशांवर गेला असता, त्याला ८१ मिलिमीटर लागले असते, आणि चीर टोकांच्या चकत्यांवर जाऊन अडली असती.

आतापर्यंतच्या उदाहरणात प्रधान तल आपल्याला आयतेच मिळाले होते. जमिनीत, उतारावर किंवा एखाद्या इमारतीच्या पायाच्या कडेखाली असे भाग्य नसते; तेथे आडव्या आणि उभ्या तलांवर लंब दाबाबरोबर कर्तनही असते, आणि प्रधान प्रतिबले शोधून काढावी लागतात. समजा मातीच्या एका कणाशी आडव्या तलावर १९० चा दाब आणि ३० चे कर्तन आहे, आणि ते कर्तन त्या कणाला घड्याळाच्या उलट फिरवू पाहते. उभ्या तलावर ११० चा दाब आणि तेवढेच ३० चे कर्तन, पण फिरवण्याची दिशा विरुद्ध, नाहीतर तो कण गरगर फिरतच राहील. दाब धन मानावा, आणि घड्याळाच्या उलट फिरवणारे कर्तन धन मानून अक्षाच्या वर मांडावे. मृदाशास्त्रात दाबाला धन मानण्याची रीत आहे, पोलादाच्या शास्त्रात ताणाला, आणि दोन्ही पुस्तके एकाच वेळी उघडी ठेवणाऱ्याचे चिन्ह हमखास चुकते.

तेव्हा १९० च्या वर ३० असा एक बिंदू, ११० च्या खाली ३० असा दुसरा. दोन्ही बिंदू काटकोनातल्या तलांचे, म्हणून त्यांना जोडणारी रेषा हा व्यास. ती अक्षाला १५० वर छेदते, तेच केंद्र. केंद्रापासून पहिल्या बिंदूपर्यंत आडवे अंतर ४०, उभे ३०, म्हणून त्रिज्या ५०. वर्तुळ अक्षाला २०० आणि १०० वर छेदते, आणि हीच प्रधान प्रतिबले. आता त्यांची दिशा पाहू. पहिल्या बिंदूतून आडवी रेषा काढली तर ती वर्तुळाला ११० च्या वर ३० या ठिकाणी पुन्हा मिळते; तो ध्रुव. ध्रुवापासून २०० च्या बिंदूपर्यंतची रेषा ९० आडवी जाताना ३० उतरते, म्हणजे उजवीकडे १८.४ अंशांनी उतरणारा तल हा ज्येष्ठ प्रधान तल. ध्रुवापासून १०० च्या बिंदूपर्यंतची रेषा त्याला काटकोनात येते, आणि तसे झाले नाही तर आपल्या आकृतीत कुठेतरी चूक आहे असे खुशाल समजावे. आरेखनाची याहून सोपी तपासणी नाही. ही माती आमच्या ३० अंशांच्या वाळूचीच असेल तर तिची भंगरेषा या वर्तुळाच्या बऱ्याच वरून जाते. मूळबिंदूतून या वर्तुळाला काढलेली स्पर्शरेषा फक्त १९.५ अंशांची आहे. म्हणजे माती अजून आपल्या शक्तीच्या आत आहे.

याच वाटेने उलटाही प्रवास करता येतो. मातीची दुसरी प्रचलित चाचणी म्हणजे कर्तनपेटी: दोन भागांची पेटी, खालचा भाग स्थिर, वरचा सरकवायचा. तेथे माती आपला भंगतल स्वतः निवडत नाही. पेटीची फट आडवी असते आणि तिथेच तिला फुटावे लागते. आपली वाळू १५० च्या दाबाखाली पेटीत घातली तर ती ८६.६ कर्तनावर सरकेल. आपल्याला एक बिंदू आणि त्यातून जाणारी भंगरेषा एवढेच ठाऊक आहे. बिंदूपाशी भंगरेषेला लंब काढावा. तो अक्षाला २०० वर मिळतो, ते केंद्र, आणि वर्तुळ तेच, १०० ते ३०० चे. पण भंगतल आता आडवा असल्यामुळे स्पर्शबिंदूतून आडवी रेषा काढावी लागते, आणि ध्रुव २५० च्या वर ८६.६ या जागी जातो. तेथून ३०० पर्यंतची रेषा आडव्याशी ६० अंश करते. म्हणजे वरून भार ठेवला तेव्हा जे ज्येष्ठ प्रतिबल उभे होते, ते पेटी सरकवता सरकवता कलत जाऊन भंगाच्या क्षणी आडव्याशी अवघा ३० अंशांचा कोन करून राहिले. पेटीत मोजलेला उभा दाब म्हणजे ज्येष्ठ प्रधान प्रतिबल, असे समजून वर्तुळ काढणाऱ्याने हे एकवार स्वतःच्या हाताने काढून पाहावे.

आता पाण्याकडे वळले पाहिजे, कारण मातीच्या कामांत सर्वांत घातक चूक पाण्यापाशीच होते. आपला स्तंभ सावकाश दाबला होता आणि आतले पाणी निघून जात होते. संपृक्त चिकणमाती घेऊन, पाण्याची वाट बंद करून भार चढवला तर दाबाचा काही भाग कणांमधल्या रंध्रांतले पाणीच उचलते. समजा नळकांड्यातला दाब २०० आहे, वरचा जादा भार पुन्हा २००, आणि भंगाच्या वेळी रंध्रांतल्या पाण्याचा दाब १०० भरला. एकूण दाबांचे वर्तुळ २०० पासून ४०० पर्यंत. केंद्र ३०० वर. संसंजन नाही असे धरून मूळबिंदूतून त्याला स्पर्शरेषा काढली तर घर्षणकोन १९.५ अंश येतो आणि भंगतल सुमारे ५५ अंशांवर यायला हवा. परंतु पाणी सर्व दिशांना सारखे दाबते आणि त्याला घर्षण नसते. म्हणून कणाकणांत खरोखर पोचलेला दाब काढायला दोन्ही प्रधान प्रतिबलांतून तेच १०० वजा करावे लागतात. १०० आणि ३००. वर्तुळ डावीकडे १०० ने सरकले, त्याचा आकार रतिभरही बदलला नाही, आणि पाहतो तो ते आपल्या वाळूच्याच वर्तुळावर जाऊन बसले: घर्षणकोन ३० अंश, भंगतल ६० अंशांवर. मातीच्या अंगावरची चीर या दुसऱ्या वर्तुळाचे ऐकते, पहिल्याचे नाही. कणांत पोचलेला हा दाबच मातीचे बळ ठरवतो हे कार्ल टेर्झागी यांनी इस्तंबूलमधल्या आपल्या प्रयोगांतून ओळखले आणि त्यांचा ग्रंथ १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झाला.

पाणी निघू न देता, नळकांड्यातला दाब निरनिराळा ठेवून एकाच संपृक्त चिकणमातीचे तीन नमुने घाईने भंगवले, तर तिन्ही वर्तुळे एकाच आकाराची निघतात आणि त्यांची स्पर्शरेषा आडवी पडते, कारण वाढवलेला सगळा दाब पाण्यानेच गिळलेला असतो. त्यावरून घर्षणकोन शून्य व भंगतल ४५ अंशांचा असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. घाईने भरलेल्या बांधाची तात्कालिक शक्ती मोजायला ही आडवी रेषा उपयोगी आहे आणि तिचा तसा उपयोग करावा. पण नमुन्यावरच्या चिरेचा कोन मोजला तर तो ४५ नसतो, त्याहून चढा असतो, आणि चिकणमातीत घर्षण आहे याची साक्ष तेथेच मिळते.

या आकृतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मऊ, भुसभुशीत नमुना चीर न देता मधोमध पिंपासारखा फुगतो. तेथे वर्तुळ खरे असते, पण कोन मोजायला चीरच नसते, आणि किती आकुंचनाला भंग म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. कापसाच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडून पुन्हा मिटलेल्या जुन्या भेगा असतात, आणि नमुना गणिताने सांगितलेल्या तलावर न फुटता त्या जुन्या भेगेवर फुटतो. अशा वेळी भेगेच्या दिशेचा तल वर्तुळावर घेऊन, त्या भेगेची स्वतःची कमी शक्ती त्याच्याशी ताडून पाहावी लागते. घट्ट वाळू फुटताना फुगते, आणि केंब्रिजचे रॉस्को यांनी दाखवल्याप्रमाणे चिरेचा कोन या फुगण्यावरही अवलंबून असल्यामुळे तो कधी गणिताहून काही अंशांनी कमी भरतो. शिवाय वर्तुळ फक्त ज्येष्ठ आणि कनिष्ठ प्रतिबलांचे आहे. तिसरे, मधले प्रतिबल त्यात मोजलेलेच नाही. या कारणांमुळे दोन-चार अंशांच्या फरकाने गोंधळून जाऊ नये. पण फरक दहा अंशांचा असेल तर प्रथम नळकांडे काढून कोन पुन्हा मोजावा, मग क्षेत्रफळाची दुरुस्ती तपासावी, आणि शेवटी रंध्रजलाचा दाब मोजला होता की नाही हे नोंदवहीत पाहावे; माझ्या अनुभवात चूक या तीन ठिकाणांच्या बाहेर क्वचितच सापडली आहे.

वाचकाने एक आलेखाचा कागद घेऊन १०० आणि ३०० चे ते वर्तुळ आजच काढावे, आणि १०० या बिंदूवर कोनमापक ठेवून स्पर्शबिंदूकडे जाणाऱ्या रेषेचा कोन स्वतः मोजावा.